बांगड्यांच्या लेखाची तपासणी

कॉलेजच्या शेवटच्या वर्षात मी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत अर्धवेळ काम करत होते. सकाळी फुलंब्रीहून एसटीनं शहरात यायचं, दुपारपर्यंत तास आणि मग छावणीच्या बाजूला असलेल्या ऑफिसात. काम तसं साधं होतं. बाहेरच्या लेखकांनी पाठवलेले लेख वाचायचे, फॉन्ट बिघडला असेल तर सरळ करायचा आणि प्रत्येक लेखासोबत तपासयादी भरून मॅडमकडे द्यायची. मॅडम म्हणजे पुरवणीच्या संपादक. घरी हे सांगितल्यावर आईला वाटलं, मी लोकांचे पेपर तपासते. तिला समजावताना माझ्या लक्षात आलं की खरंच थोडं तसंच आहे, आणि मला त्याची भीती वाटायला लागली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. दुसऱ्यानं लिहिलेलं बरं की वाईट हे मी कोण ठरवणार?

ती तपासयादी मॅडमनी एका फजितीनंतर तयार केली होती. मी यायच्या आधी पुरवणीत एक लेख छापून आला होता. भाषा सुबक, मांडणी चोख. रविवारी दुपारी एका निवृत्त ग्रंथपालांचा फोन आला, की लेखात ज्या पुस्तकातला उतारा दिलाय ते पुस्तकच अस्तित्वात नाही. लेखकाला विचारलं तर त्यानं कबूल केलं, की सगळा लेख एआयकडून लिहून घेतलाय, उताऱ्यासकट. पुढच्या रविवारी मॅडमना दिलगिरीची चौकट छापावी लागली.

यादीतली पहिली गोष्ट त्यामुळे उताऱ्यांची होती. पुस्तक, अहवाल, कुणाचं वाक्य, जे काही लेखात असेल ते मुळात आहे का ते शोधायचं. मग माणसं आणि जागा. लेखात कुणी खरंखुरं बोललंय का, कुठलं गाव आहे का, की नुसता ‘समाज’ आणि ‘आजची पिढी’ आहे. त्यानंतर लेखाची ठेवण. सगळे परिच्छेद एकाच मापाचे, प्रत्येकाच्या शेवटी तात्पर्य, प्रत्येक मुद्द्याला तीन-तीन उदाहरणं, आणि ‘केवळ हे नाही तर तेसुद्धा’ अशी वाक्यं पानोपानी. एआयचं उत्तर जसंच्या तसं चिकटवताना मजकुरात राहून गेलेल्या चांदण्या आणि खुणा. त्याच लेखकाचा जुना मजकूर असेल तर तो शेजारी ठेवून वाचायचा. आणि शेवटी लेखकाला फोन करून लेखात नसलेलं काहीतरी विचारायचं. पाहिलेल्या माणसाकडे लेखात मावलं नाही असं पुष्कळ उरलेलं असतं, असं मॅडम म्हणायच्या.

यादीच्या तळाशी त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं होतं, की एका खुणेवरून निकाल द्यायचा नाही आणि लेखकाशी बोलल्याशिवाय लेख परत करायचा नाही.

त्याखालची एक ओळ माझ्यामुळे आली. शेजारच्या टेबलावर एक जुने उपसंपादक बसायचे. त्यांना सगळे दादा म्हणत. यादी भरण्याचा त्यांना कंटाळा. लेख एका वेबसाइटवर टाकला की ती सांगते माणसाचा की यंत्राचा, मग ही एवढी उठाठेव कशाला, असं त्यांचं म्हणणं. एकदा मी कॉलेजच्या स्पर्धेसाठी लिहिलेला निबंध टेबलावर होता. गंमत म्हणून त्यांनी त्याचा मजकूर त्या साइटवर टाकला. साइटनं सांगितलं, बहुतेक सगळा यंत्रानं लिहिलेला.

‘काय गं, तू माणूस आहेस का, आधार कार्ड दाखव बरं,’ दादा म्हणाले. सगळे हसले, मीसुद्धा हसले. पण आतून मी घाबरले होते. तो निबंध मी वहीत दोनदा उतरवून लिहिला होता. मॅडमनी तो मागवून वाचला. मग मला म्हणाल्या, यातलं एकही वाक्य तू घरी बोलतेस तसं नाही. खरंच नव्हतं. आम्हाला शाळेपासून हेच शिकवलेलं. घरचं ‘लई’ आणि ‘व्हय’ उंबऱ्याबाहेर ठेवायचं, गाइडमधल्या निबंधासारखं लिहायचं, शेवट आशेनं करायचा. आमच्या वर्गातले सगळेच तसं लिहितात. त्या दिवशी मॅडमनी यादीत लिहिलं, की अशा साइटचा आकडा पुरावा म्हणून धरायचा नाही, आणि लेखकाचा न छापलेला मजकूर त्याला न विचारता कुठल्याही साइटवर टाकायचा नाही.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे गंगापूरच्या एका काकूंचा लेख.

काकूंचं गंगापूरच्या बाजारात बांगड्यांचं छोटं दुकान. दहावीपर्यंत शिकलेल्या. वाचनाची आवड. आधी त्यांनी दोन लेख पाठवले होते, दोन्ही हातानं लिहिलेले. भाचीनं कागदांचे फोटो काढून पाठवलेले. एक होता बांगडी भरताना हात कसा धरायचा त्यावर, अंगठ्याखालचं हाड कसं दाबायचं, हात घट्ट असेल तर बाईला बोलण्यात कसं गुंतवायचं, आणि भरताना बांगडी फुटली तर नुकसान दुकानदाराचं, हा बाजाराचा रिवाज. दुसरा कापूस वेचणाऱ्या बायकांच्या हातांवर. मॅडमना ते दोन्ही इतके आवडले की त्यांनी काकूंना पंधरवड्याचं सदर द्यायचं ठरवलं होतं. तिसरा लेख चांगला आला की पक्कं, असं मी काकूंना फोनवर सांगितलंही होतं. त्या म्हणाल्या होत्या, ‘सदर मिळालं तर घरात सांगते. आत्ता सांगितलं आन् नाय मिळालं तर जन्मभर टोमणे.’

तिसरा लेख ईमेलनं आला, टाइप केलेला. विषय बांगड्यांचाच, दुकानातला एक प्रसंग. एक म्हातारी आपल्या विधवा सुनेला घेऊन दुकानात येते आणि म्हणते, हिला बांगड्या भर. दुकानात बाकीच्या बायका बसलेल्या. काकू क्षणभर थबकतात. मग सुनेचा हात हातात घेतात आणि डोळ्यांत पाणी आणून बांगड्या भरतात. बाकीच्या बायका उठून त्या सासूला नमस्कार करतात. शेवटचं वाक्य होतं, की ती केवळ काच नव्हती, तर एका नव्या पहाटेची किणकिण होती.

मी वाचलं आणि आधी मला रडू आलं. मग यादी समोर घेतली आणि खुणा करत गेले. परिच्छेद एका मापाचे. तात्पर्य प्रत्येकाला. जुने दोन लेख शेजारी ठेवले तर वाटेना, की बाई एकच आहे. जुन्या लेखांत काकू म्हणतात, ‘हात बघितला की घर कळतं.’ इथे ‘हातांच्या रेषांमधून जीवनसंघर्ष उलगडत जातो.’ तरी मी स्वतःला थांबवलं. मला माझा निबंध आठवला. काकूंनाही कुणी सांगितलं असेल, चांगलं लिही, पुस्तकासारखं लिही. शिवाय लेखकांसाठीच्या आमच्या सूचनेत स्पष्ट छापलेलं असायचं, मजकूर टाइप करून, प्रमाण भाषेत पाठवावा. त्यांनी तेच केलं असेल तर त्यांचा काय दोष?

दादांनी माझ्या खांद्यावरून कागद पाहिला. म्हणाले, यात विचार कसला करायचा, नवी पहाट दिसली की लेख परत. मी म्हटलं, माझ्याही निबंधात नवी पहाट होती. ते म्हणाले, म्हणून तर.

मी फोन लावला. काकू दुकानातच होत्या. मागून बांगड्यांचे आवाज येत होते. आधी मी इकडचं तिकडचं विचारलं. दुकानात त्या वेळी कोण कोण होतं, म्हातारी कुठल्या गावची. काकू भराभर सांगत गेल्या. म्हातारी जवळच्याच वस्तीवरची, पायात पुरुषी चपला. मुलगा जाऊन दीड वर्ष झालं होतं. सून शिवणकाम करते. म्हातारीनं पदराची गाठ सोडून नोटा आधीच काढून ठेवल्या होत्या, म्हणजे ती ठरवून आली होती. हे काहीच लेखात नव्हतं. मला इतकं बरं वाटलं. प्रसंग खरा होता. काकूंनीच पाहिला होता. मग मी अगदी सहज, यादीतल्या शेवटच्या प्रश्नासारखं विचारलं, की सुनेनं कुठला रंग घेतला.

भराभर सांगणाऱ्या काकू एकदम अडल्या.

‘गिऱ्हाईक हाय,’ त्या म्हणाल्या. ‘नंतर करते.’

संध्याकाळी त्यांचा फोन आला. दुकान बंद करून कुठेतरी बाजूला जाऊन बोलत असाव्यात, आवाज दबका होता.

‘बाळा, रंग कसा सांगू. मी भरल्याच नाय.’

मग हळूहळू सगळं सांगितलं. सून समोर बसली होती, हात पुढे केला होता. दुकानात ओळखीच्या बायका होत्या, त्यातली एक काकूंच्या नात्यातली. काकूंना वाटलं, आज मी भरल्या तर उद्या बाजारभर होईल. कुणाचं लग्न असलं की चुडा भरायला मला बोलावतात, ते थांबेल. त्या म्हातारीला म्हणाल्या, इथं नको, घरी या, घरी भरते. सुनेनं हात मागे घेतला. दोघी उठून गेल्या. घरी काही आल्या नाहीत.

लेख कसा झाला तेही त्यांनी सांगितलं. टाइप करता येत नाही म्हणून भाचीच्या फोनवर बोलून घेतला होता. आपण बोलतो आणि फोन अक्षरं उमटवतो, तसा. पण ते वाचून भाची म्हणाली, आत्या, हे छापायला नाही चालणार, गावठी वाटतं. तिनं तो सगळा मजकूर एआयला दिला आणि लिहिलं, हे प्रमाण मराठीत नीट कर आणि शेवट चांगला कर. त्यानं भाषा तर नीट केलीच, पण बांगड्याही भरून टाकल्या.

‘तुम्ही वाचलं नव्हतं का काकू, पाठवायच्या आधी?’

‘वाचलं ना. दोनदा वाचलं.’ त्या म्हणाल्या. ‘वाचताना वाटलं, अशीच वागले असते तर. मग ऱ्हाऊ दिलं.’

मी त्यांना विचारलं, फोननं आधी उमटवलेली अक्षरं आहेत का अजून. होती. त्यांनी भाचीकडून ती मला पाठवली. विरामचिन्हं नव्हती, मधेच ‘थांब गं गॅस बंद कर’ असंही उमटलं होतं. आणि शेवट असा होता, की सुनेनं हात मागं घेतला तो मला अजून दिसतो, मी हजारो हात धरले पण तो न धरलेला हातच ध्यानात ऱ्हायला.

दुसऱ्या दिवशी मी सगळं मॅडमसमोर ठेवलं. आमचा नियम त्यांनीच मला शिकवला होता. बोलून टाइप करणं चालतं, शुद्धलेखन तपासून घेणं चालतं, त्यासाठी सांगावंही लागत नाही. पण मजकूर यंत्रानं रचला किंवा बदलला असेल तर लेख देतानाच सांगायचं. न सांगता दिला तर लेख परत, आणि त्या लेखकाला सदर नाही. इथे तर नुसती भाषा बदलली नव्हती, घडलेलंच बदललं होतं. दादा म्हणाले, नियम सरळ आहे. त्यांच्या बोलण्यात खोट काढावी असं काही नव्हतं.

मी अडखळत म्हटलं, की ते खरं, पण त्यांनी आपण होऊन फोन केला. रंग निळा होता असं सांगून मोकळ्या झाल्या असत्या तर मी ते लिहून घेतलं असतं आणि लेख पुढं दिला असता. आणि टाइप करून प्रमाण भाषेत पाठवा असं आपणच छापतो.

मॅडमनी कच्चा मजकूर दोनदा वाचला. मग मला म्हणाल्या, ‘आलेला लेख परत. तो छापता येणार नाही, कारण ते घडलेलं नाही. पण हा दुसरा त्यांचा आहे. त्यांनी स्वतः पाठवला तर मी छापेन, जसा आहे तसा. सदरही देईन, कारण खरं त्यांनी आपण होऊन सांगितलं. मात्र त्यांना नीट सांग, की यात त्या बऱ्या दिसत नाहीत आणि त्यांचं गाव हे वाचणार आहे.’ आणि ती सासू-सून ओळखू येणार असतील तर त्यांना विचारल्याशिवाय एक अक्षर नको, हेही त्यांनी बजावलं.

मी काकूंना तसं सांगितलं. त्यांना आधी वाटलं, मी सांत्वन करतेय. मग त्यांना कळलं, की आता ठरवायचं आहे ते त्यांनीच. खोटा लेख परत घेऊन गप्प बसल्या तर सदर गेलं, पण घरी काही कळणार नाही, बाजारात काही कळणार नाही. खरा लेख दिला तर सदर मिळेल, आणि सगळ्या गंगापूरला कळेल, की एका विधवेनं पुढे केलेला हात यांनी रिकामा परत पाठवला. त्या म्हणाल्या, दोन्हीकडून मार हाय की. मला त्यांना ‘छापा’ म्हणायचा हक्क आहे असं वाटेना. मी शहरात बसून म्हणणार आणि दुकान त्यांना चालवायचं.

‘आता लगेच छापू नका,’ शेवटी त्या म्हणाल्या. ‘आधी त्यांच्या घरी जाऊन येते.’

त्या रविवारी काकूंच्या जागी मॅडमनी दुसऱ्याचा लेख लावला. त्याच्या पुढच्या रविवारीही. दादा मला चिडवायचे, तुझी काकू बांगड्या घेऊन पसार झाली वाटतं. मी हसायचे, पण रोज ईमेल उघडून पाहायचे. दरम्यान मॅडमनी आमची सूचना बदलून घेतली. ‘प्रमाण भाषेत’ काढलं आणि ‘हातानं लिहिलेलंही चालेल’ असं घातलं. लेखासोबत लेखकांनी भरायच्या प्रश्नांतही बदल केला. आधी एकच प्रश्न होता, एआयची मदत घेतली का. बहुतेक लोक त्याला नाही म्हणत, आणि मनापासून नाही म्हणत. आता तो फोडला. बोलून टाइप केलं का, कुणी किंवा कशानं भाषा बदलली का, काही भाग नवा घातला का, घातला असेल तर कोणता. हे शब्द कसे लिहावेत ते मॅडमनी मला विचारलं, आणि मी काकूंना कळतील असे सुचवले.

मग एक दिवस फोटो आले. वहीची पानं, काकूंचं तिरकं अक्षर. पहिला भाग कच्च्या मजकुरातलाच होता. पुढे नवीन होतं. त्या वस्तीवर गेल्या होत्या, सोबत बांगड्यांची पेटी घेऊन. म्हातारी दारातच बसलेली. काकूंना बसायला दिलं, चहा दिला. सून आतून आली तेव्हा तिच्या हातात बांगड्या होत्या. दुसरीकडून भरल्या होत्या, कुठून ते त्यांनी सांगितलं नाही आणि काकूंनी विचारलं नाही. काकूंनी लिहिलं होतं, ‘पेटी मी उघडलीच नाही. चहा घेतला आन् माफी मागितली. म्हातारी म्हणाली, तू नाय म्हणालीस तवा मला राग नव्हता आला, घरी या म्हणालीस तवा आला.’

खाली वेगळ्या शाईत एक टीप होती. सगळं माझ्या हातानं लिहिलं आहे. सासूला आणि सुनेला वाचून दाखवलं आहे. वस्तीचं नाव लिहू नका, एवढंच त्या म्हणाल्या.

मी यादी समोर घेतली, कारण यादी प्रत्येक लेखाला भरायची असते. काकूंनाच फोन करून टिपेबद्दल विचारलं, तर त्यांनी सरळ सुनेच्या हातात फोन दिला. त्या दिवशी काकू त्यांच्या वस्तीवरच होत्या. सून म्हणाली, हो, वाचून दाखवलंय, आणि सासूबाई काय म्हणाल्या तेही बरोबर लिहिलंय. एवढंच बोलली. मला तिला अजून काही विचारावंसं वाटत होतं. पण ते माझं काम नव्हतं.

मी लेखाला हात लावला तो फक्त ऱ्हस्व-दीर्घापुरता आणि वस्तीचं नाव काढण्यापुरता. ‘तवा’चं ‘तेव्हा’ करायला माझं बोट सवयीनं गेलं होतं, ते मागे घेतलं. दादांनी प्रूफ वाचलं. सही करून पान पुढं दिलं. शिवाय जाताना मला विचारलं, की पुढचा लेख कधी येतोय. मॅडमनी वर सदराचं नाव घातलं.

लेख छापून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काकूंना फोन केला. घरी सांगितलं का, विचारलं. सांगितलं म्हणाल्या. नवऱ्यानं पेपर दोनदा वाचला आणि दुकानाचं शटर उघडायला गेला. बाजारात कुणी काही बोललं का, ते विचारायला मी कचरत होते, पण विचारलं.

‘बोलल्या ना. त्या दिवशी दुकानात होती ती नात्यातली आली होती. म्हणली, आमचं नाव कशाला घातलंस. मी म्हणलं, नाव कुठं घातलंय, दाखव. मग बसली. म्हणली, आता तरी भरशील का कुणी तशी आली तर.’

‘मग?’

‘भरीन म्हणलं. सगळ्यांसमोर म्हणलं.’ मागे कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. ‘आता ठेवते बाळा, गिऱ्हाईक बसलंय.’